फुगलेल्या बेरजेचा पुरावा

विक्रीच्या डॅशबोर्डवरची बेरीज प्रत्यक्ष विक्रीपेक्षा जास्त दिसू लागली, तर एकाच व्यवहाराची नोंद तक्त्यात दोनदा शिरली असण्याची शक्यता असते. अशा नोंदीला दुबार ओळ म्हणतात. डॅशबोर्ड फक्त बेरीज करतो. ज्या तक्त्यावरून तो आकडे घेतो त्यात एखादी ओळ दोनदा असेल, तर तिची रक्कमही तो दोनदा धरतो आणि पडद्यावर त्याची कुठलीही खूण उमटत नाही. तक्ते भरण्याचे आणि सांभाळण्याचे काम डेटा टीमकडे असते, तर आकडे रोज वापरतात विक्री, हिशेब आणि खरेदी विभागांतले लोक. चूक आधी नजरेस येते ती या वापरणाऱ्यांच्या, पण दुरुस्त करता येते ती फक्त डेटा टीमला. त्यामुळे चूक कळवणाऱ्या संदेशात पुरावा किती नेमका आहे, यावर पुढचे काम अवलंबून असते.

‘डॅशबोर्डचे आकडे चुकीचे वाटतात, कृपया तातडीने पाहावे’ एवढाच मजकूर मिळाला, तर डेटा टीमपुढे पहिला प्रश्न येतो तो कोणता आकडा, हा. मग कोणत्या तारखेचा, कोणती गाळणी लावून पाहिलेला आणि कशाच्या तुलनेत चुकीचा, हे विचारावे लागते. या विचारपूसीत दिवस जातो आणि तोवर तोच आकडा आणखी दहा ठिकाणी वापरला जातो. म्हणून तक्रार करणाऱ्यानेच चार गोष्टी आधी तपासलेल्या बऱ्या. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. तक्ता वाचण्याची परवानगी आणि एसक्यूएलची तोंडओळख एवढे पुरते.

हे सगळे एका कल्पित पण नेहमी घडणाऱ्या प्रकारच्या उदाहरणातून पाहता येते. औषधांची बारा दुकाने असलेली एक साखळी आहे. प्रत्येक दुकानात बिले संगणकावर होतात. रात्री दुकाने बंद झाल्यावर एक स्वयंचलित काम दिवसभराच्या बिलांमधली प्रत्येक औषधाची ओळ उचलते आणि मध्यवर्ती डेटा वेअरहाऊसमधल्या `sales_lines` या तक्त्यात टाकते. सकाळी डॅशबोर्ड त्याच तक्त्यावरून विक्री दाखवतो. 1 ते 10 जून या दहा दिवसांची विक्री डॅशबोर्डवर 44,97,350 रुपये दिसते, आणि बिलिंग प्रणालीतून थेट काढलेल्या अहवालात 42,18,600 रुपये. फरक 2,78,750 रुपयांचा, म्हणजे साधारण साडेसहा टक्क्यांचा.

एवढा फरक सहज नजरेतून सुटतो. महिन्याच्या आलेखात साडेसहा टक्क्यांची वाढ म्हणजे चांगला हंगाम वाटू शकतो. दुबार ओळींचा खरा त्रास हाच आहे. आकडा दहापट झाला असता तर कोणीही हटकले असते, पण थोडासा वाढलेला आकडा लोक आनंदाने मान्य करतात. शिवाय दुबार ओळींनी सगळेच आकडे बिघडत नाहीत. बेरीज आणि ओळींची संख्या फुगते, पण एका ओळीची सरासरी रक्कम जवळपास तशीच राहते, कारण अंश आणि छेद दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. वेगवेगळे बिल क्रमांक मोजून काढलेली बिलांची संख्या तर मुळीच बदलत नाही. म्हणूनच पहिला उपयोगी सुगावा बहुधा एका विसंगतीत सापडतो. या उदाहरणात 4 जूनला डॅशबोर्ड 386 बिले आणि 6,91,050 रुपयांची विक्री दाखवतो, म्हणजे एका बिलाची सरासरी सुमारे 1,790 रुपये येते. बिलिंग अहवालातही बिले 386 च आहेत, पण विक्री 4,12,300 रुपयांची आणि सरासरी सुमारे 1,068 रुपयांची आहे. गिऱ्हाईक तेवढेच असताना एका दिवसापुरती सरासरी इतकी उसळणे संशयास्पद आहे.

पुराव्याची पहिली पायरी म्हणजे ताळा. डॅशबोर्डच्या आकड्याची तुलना अशा स्रोताशी हवी, जो त्याच तक्त्यावर अवलंबून नाही. एका डॅशबोर्डचा आकडा दुसऱ्या डॅशबोर्डशी जुळवून काही सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच विहिरीतून पाणी काढत असतील, तर दोन्ही सारखेच गढूळ असणार. बिलिंग प्रणालीचा मूळ अहवाल, दुकानाचा रोजमेळ, बँकेत जमा झालेली रक्कम, जीएसटी विवरणासाठी काढलेली विक्री, हे स्वतंत्र स्रोत. त्यांतही तुलना सारख्याला सारखी व्हायला हवी. एकात कर धरलेला आणि दुसऱ्यात वगळलेला असेल, किंवा एकात परत आलेला माल वजा केलेला आणि दुसऱ्यात नसेल, तर फरक निघणारच, आणि त्याचा दुबार ओळींशी काही संबंध नसेल.

फरक तारखेनुसार मांडला की बरेच काही उलगडते. कराचा गोंधळ असेल तर फरक रोजच, साधारण सारख्या प्रमाणात दिसतो. वेळेचा घोळ असेल तर एका तारखेला आकडा जास्त आणि शेजारच्या तारखेला कमी दिसतो, एकूण बेरीज मात्र जुळते. हा दुसरा प्रकार भारतात हमखास आढळतो, कारण अनेक प्रणाली जागतिक प्रमाणवेळेत नोंद ठेवतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. रात्रभर उघड्या असलेल्या औषध दुकानात मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत झालेली विक्री त्यामुळे आदल्या तारखेत जाऊन बसते. आपल्या उदाहरणात दहापैकी नऊ दिवसांचे आकडे रुपयाला रुपया जुळतात आणि संपूर्ण 2,78,750 रुपयांचा फरक एकट्या 4 जूनला दिसतो. शेजारच्या तारखांत काही कमी नाही. म्हणजे कर आणि वेळ, दोन्ही शंका इथेच मिटतात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असते आणि घाईत तीच वगळली जाते. तक्त्यातली एक ओळ नेमकी कशाची नोंद आहे, हे आधी ठरवावे लागते. `sales_lines` मध्ये एक ओळ म्हणजे एक बिल नव्हे, तर एका बिलातली एक बाब. त्यामुळे एकच बिल क्रमांक पाच ओळींत दिसला तर ती चूक नाही, त्या बिलात पाच बाबी आहेत. बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक ही जोडी मात्र एकदाच यायला हवी. तीच त्या ओळीची किल्ली.

किल्ली न ठरवता नुसत्या दिसण्यावरून ओळी दुबार ठरवल्या, तर खरी विक्री खोटी ठरते. औषधांच्या बिलात याचे उदाहरण रोज मिळते. गिऱ्हाइकाने एकाच गोळीच्या दोन पट्ट्या मागितल्या आणि दुकानदाराने एक पट्टी संपत आलेल्या बॅचमधून व दुसरी नव्या बॅचमधून दिली, तर बिलावर दोन ओळी येतात. औषध तेच, नग तेवढेच, किंमतही बहुधा तीच. बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख तेवढी वेगळी. मध्यवर्ती तक्त्यात बॅचचा रकाना घेतलेलाच नसेल, तर या दोन ओळी हुबेहूब सारख्या भासतील, पण ओळ क्रमांक 2 आणि 3 असा वेगळा असेल. या दोन्ही ओळी खऱ्या आहेत आणि त्यातली एक काढली तर विक्री कमी दिसेल.

उलट दिशेचीही एक फसगत आहे. दोन वेगळ्या व्यवहारांची किल्ली एकच दिसू शकते. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा अनुक्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. त्यामुळे 1 एप्रिलला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करणारी दुकाने पुष्कळ आहेत. क्रमांकातच वर्ष किंवा दुकानाचा संकेत नसेल, तर मागच्या वर्षीचे 412 नंबरचे बिल आणि यंदाचे 412 नंबरचे बिल एकमेकांची दुबार वाटतील. अशा वेळी किल्लीत दुकान आणि वर्षही धरावे लागते. आपल्या साखळीत बिल क्रमांक `K07-25-003418` अशा घाटाचा आहे. त्यात दुकानही आहे आणि वर्षही, म्हणून इथे ती अडचण नाही.

किल्ली निश्चित झाली की तक्त्याला एकच प्रश्न विचारायचा: कोणती किल्ली एकापेक्षा जास्त वेळा आली आहे?

```sql
SELECT invoice_no, line_no, COUNT(*) AS n,
       MIN(loaded_at) AS first_load,
       MAX(loaded_at) AS last_load
FROM sales_lines
WHERE sale_date = '2025-06-04'
GROUP BY invoice_no, line_no
HAVING COUNT(*) > 1;
```

तक्ता निरोगी असेल तर उत्तरात एकही ओळ येत नाही. इथे 776 ओळी येतात आणि प्रत्येकीत `n` ची किंमत 2 आहे. 4 जूनच्या एकूण ओळी 1,934 आहेत, वेगवेगळ्या किल्ल्या 1,158. दोहोंतला फरकही 776 च. एक काळजी इथे घ्यावी लागते. किल्लीतला एखादा रकाना रिकामा असेल, तर एसक्यूएलची ही रचना अशा सगळ्या रिकाम्या ओळी एकाच गटात टाकते आणि त्या दुबार असल्याचा भास होतो. म्हणून `invoice_no` आणि `line_no` कुठेही रिकामे नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे.

ओळी मिळाल्यावर एखादी जोडी उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कारणाचा अंदाज येत नाही.

```
invoice_no      line_no  amount   loaded_at
K07-25-003418   2        184.50   2025-06-05 02:14:07
K07-25-003418   2        184.50   2025-06-05 02:43:31
```

दोन्ही ओळींत रक्कम आणि क्रमांक तेच आहेत. वेगळी आहे ती फक्त `loaded_at`, म्हणजे ओळ तक्त्यात पडल्याची वेळ. सगळ्या 776 जोड्यांत हीच खूण आहे. पहिली ओळ पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनंतरच्या भरण्यातली, दुसरी 2 वाजून 41 मिनिटांनंतरच्या. दुकानांनुसार पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. बारापैकी सात दुकानांची प्रत्येक ओळ दोनदा आहे आणि उरलेल्या पाच दुकानांची एकही नाही. यावरून घटना जवळपास डोळ्यांसमोर उभी राहते. रात्रीचे काम एकेका दुकानाचा डेटा टाकत जात होते. सात दुकाने झाल्यावर ते कुठल्यातरी कारणाने बंद पडले, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाले आणि पहिल्या दुकानापासून सगळे नव्याने टाकत गेले. आधी पडलेल्या 776 ओळी कोणी काढल्या नाहीत. 776 आणि 1,158 मिळून 1,934, हा हिशेब त्याला दुजोरा देतो.

तरीही ही घटना संदेशात ‘असे झाले’ म्हणून लिहू नये, ‘असे दिसते’ म्हणून लिहावी. कामाच्या नोंदवह्या, ज्यांना लॉग म्हणतात, त्या डेटा टीमकडेच असतात. काम बंद पडले की कोणी चुकून ते दोनदा चालवले, हे त्याच सांगू शकतात. पाहिलेली वस्तुस्थिती आणि तिच्यावरून बांधलेला तर्क हे दोन वेगळ्या वाक्यांत ठेवले, की वाचणाऱ्याला कशावर विसंबायचे ते कळते.

पुराव्याला खरी बळकटी येते ती एका शेवटच्या बेरजेने. दुबार ओळी सापडल्या आणि फरकही सापडला, पण तो फरक याच ओळींमुळे आहे हे अजून दाखवायचे आहे. त्यासाठी प्रत्येक किल्लीची एक ओळ बाजूला ठेवून उरलेल्या ज्यादा ओळींची रक्कम काढतात.

```sql
SELECT COUNT(*) AS extra_rows, SUM(amount) AS extra_amount
FROM (
  SELECT amount, ROW_NUMBER() OVER (
    PARTITION BY invoice_no, line_no
    ORDER BY loaded_at DESC) AS rn
  FROM sales_lines
  WHERE sale_date = '2025-06-04') t
WHERE rn > 1;
```

उत्तर येते 776 ओळी आणि 2,78,750 रुपये. ताळ्यातून निघालेला फरक आणि दुबार ओळींची रक्कम पैशालाही न चुकता एक आहे, म्हणजे संपूर्ण फरकाचा उलगडा झाला. हे उत्तर 2,40,000 आले असते, तर दुबार ओळी खऱ्या असूनही 38,750 रुपयांचे दुसरे काही कारण शिल्लक राहिले असते. मग संदेशात ते उघडपणे सांगावे लागले असते. अनेक तक्रारी या बेरजेआधीच थांबतात. डेटा टीम दुबार ओळी काढून टाकते आणि तरीही ताळा बसत नाही, तेव्हा सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

तक्त्यात दुबार ओळी मुळीच नसताना डॅशबोर्डची बेरीज फुगण्याचा एक प्रकारही आहे, आणि तो ओळखू न आल्यास तक्रार चुकीच्या दाराशी जाते. दोन तक्ते जोडताना हे घडते. समजा डॅशबोर्डवर विक्री ‘रोख’ आणि ‘यूपीआय’ अशी वेगळी दाखवायची म्हणून विक्रीचा तक्ता भरण्याच्या तक्त्याशी बिल क्रमांकावर जोडला. एखाद्या गिऱ्हाइकाने 1,000 रुपयांच्या बिलापैकी 600 यूपीआयने आणि 400 रोख दिले, तर भरण्याच्या तक्त्यात त्या बिलाच्या दोन ओळी असतात. जोडणीनंतर विक्रीची प्रत्येक ओळ दोनदा उतरते आणि 1,000 चे 2,000 होतात. मूळ तक्ते दोन्ही बरोबर असतात, चूक असते ती जोडणीत. याचा ठसा वेगळा असतो. फरक एका तारखेला न दिसता जवळपास रोज दिसतो. तो फक्त विभागून पैसे दिलेल्या बिलांपुरता असतो आणि जोडणीनंतरच्या दोन ओळींत भरण्याचा प्रकार वेगळा असतो. `loaded_at` मात्र एकच. इथे तक्त्यातून ओळी काढणे म्हणजे खरा डेटा गमावणे. म्हणून तक्रार करण्याआधी वरची तपासणी मूळ तक्त्यावर करावी आणि तिथे उत्तर रिकामे आले, तर ते संदेशात आवर्जून लिहावे.

दुबार ओळी आत शिरतातच कशा, हा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या संबंधात्मक मॉडेलमध्ये तक्ता हा गणिती अर्थाने संच मानला आहे, आणि संचात एकच घटक दोनदा येत नाही. एसक्यूएलने व्यवहारात ही अट सैल केली. तक्त्यावर किल्लीचे बंधन घातले नसेल, तर सारख्या ओळी कितीही पडू शकतात. दुकानातल्या बिलिंगसाठी वापरतात त्या पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये `PRIMARY KEY` लिहिली की दुबार ओळ आत येऊच शकत नाही. मोठ्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी वेअरहाऊस वेगळी वागतात. बिगक्वेरी, ॲमेझॉन रेडशिफ्ट आणि स्नोफ्लेकचे नेहमीचे तक्ते यांत `PRIMARY KEY` लिहिता येते, पण ती पाळली जाईल याची हमी ते देत नाहीत. ती केवळ माहिती म्हणून नोंदलेली असते. किल्ली लिहिलेली आहे म्हणजे ओळी दुबार नसणार, हा समज त्यामुळे इथे धोक्याचा ठरतो. दुसरे कारण वाहतुकीचे. संदेश हरवण्यापेक्षा तो पुन्हा पाठवलेला बरा, या तत्त्वावर अनेक प्रणाली बांधलेल्या असतात. पोचपावती मिळाली नाही की पाठवणारा तीच नोंद परत धाडतो, मग पहिली पोचलेली असो वा नसो. हे तत्त्व योग्यच आहे. फक्त दुसऱ्यांदा आलेली नोंद ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्याकडे येते.

एवढी तपासणी झाल्यावर संदेश लिहिणे अवघड राहत नाही. वरच्या उदाहरणातला संदेश असा असू शकतो:

> विषय: विक्री डॅशबोर्ड – 4 जूनच्या 776 ओळी दुबार, बेरीज रु. 2,78,750 ने जास्त
>
> नमस्कार,
>
> विक्री डॅशबोर्डवर 1 ते 10 जून 2025 ची एकूण विक्री रु. 44,97,350 दिसते (सर्व दुकाने, करासहित, परतावा वजा करून, 11 जून, सकाळी 10.20 वाजता पाहिले). याच अटींवर बिलिंगच्या अहवालात रु. 42,18,600 आहेत. फरक रु. 2,78,750. तो संपूर्ण 4 जूनचा आहे, बाकी नऊ दिवस जुळतात.
>
> `sales_lines` मध्ये 4 जूनच्या 1,934 ओळी आहेत, पण `invoice_no` + `line_no` च्या वेगळ्या जोड्या 1,158 आहेत. 776 जोड्या दोनदा आल्या आहेत. ज्यादा ओळींची रक्कम रु. 2,78,750 भरते, म्हणजे फरकाइतकीच. दुबार ओळी K01 ते K07 या दुकानांच्याच आहेत. प्रत्येक जोडीत फक्त `loaded_at` वेगळा आहे: पहिली 5 जून पहाटे 2.10 नंतरची, दुसरी 2.41 नंतरची. नमुना: `K07-25-003418`, ओळ 2. दोन्ही क्वेरी आणि 776 जोड्यांची यादी सोबत जोडली आहे.
>
> यावरून 5 जूनचे रात्रीचे काम मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून चालले असावे असे दिसते. लॉग आम्हाला दिसत नाहीत, त्यामुळे खात्री आपणच करू शकाल. 1 जूनच्या आधीच्या तारखा तपासलेल्या नाहीत.
>
> परिणाम: खरेदी विभागाची मागणी मागच्या काही दिवसांच्या विक्रीवर निघते. 5 जूनपासूनच्या मागणीत K01 ते K07 ची विक्री वाढीव धरली गेली आहे. पुढची मागणी उद्या सकाळी 9 वाजता निघेल. त्याआधी दुरुस्ती शक्य नसेल तर कृपया कळवा, म्हणजे ती हाताने काढता येईल.
>
> – विक्री विश्लेषण विभाग

या मजकुरात विषयाच्या ओळीतच तारीख, संख्या आणि रक्कम आहे. दिवसाला पन्नास संदेश वाचणाऱ्याला त्यातून प्रसंग किती गंभीर आहे ते लगेच कळते. डॅशबोर्ड कधी आणि कोणत्या अटींवर पाहिला हे लिहिलेले आहे, कारण डॅशबोर्डचे आकडे ताजे होत राहतात आणि तासाभराने तोच आकडा दिसेलच असे नाही. काय तपासलेले नाही हेही सांगितले आहे, त्यामुळे जुन्या तारखा बरोबर आहेत असा चुकीचा निष्कर्ष कोणी काढणार नाही. ‘तातडीचे’ हा शब्द कुठेच नाही. उद्या सकाळी 9 ची वेळ तातडी पुरेशी स्पष्ट करते. आणि कोणाच्या हातून चूक झाली याचा शब्दानेही उल्लेख नाही, तो असूही नये. दोष शोधू लागलेल्या संदेशाला मिळणारे उत्तर बचावाचे असते आणि काम तिथेच अडकते.

जोडपत्रांबाबत दोन गोष्टी पाळाव्यात. क्वेरी मजकुराच्या रूपात द्यावी, पडद्याच्या छायाचित्रात देऊ नये, कारण समोरच्याला ती तशीच चालवून पाहायची असते. डॅशबोर्डचे छायाचित्र मात्र जरूर द्यावे आणि त्यात लावलेल्या गाळण्या दिसाव्यात. दुसरी गोष्ट अधिक जपण्याची आहे. औषधाच्या बिलात रुग्णाचे नाव, फोन आणि त्याच्या आजाराचा अंदाज देणारे औषध असते. दुबार ओळ सिद्ध करायला यातले काहीच लागत नाही. बिल क्रमांक, ओळ क्रमांक, रक्कम आणि वेळ एवढे रकाने पुरेत. संपूर्ण तक्ता उतरवून जोडणे सोपे वाटते, पण तसे करू नये.

तक्रार करणाऱ्याने आणखी एक मोह टाळायला हवा. तो म्हणजे डॅशबोर्डच्या क्वेरीत `DISTINCT` टाकून आकडा आपल्यापुरता बरोबर करून घेण्याचा. `DISTINCT` सगळे निवडलेले रकाने सारखे असलेल्या ओळींतून एकच ठेवतो. `loaded_at` निवडला तर तो वेगळा असल्यामुळे एकही दुबार ओळ गळत नाही. फक्त औषध आणि रक्कम निवडली तर दोन गिऱ्हाइकांनी घेतलेली एकाच किमतीची गोळी एक होऊन जाते आणि बेरीज खऱ्याच्या खाली उतरते. शिवाय आजचा आकडा योगायोगाने जुळला, तरी तक्त्यातला रोग तसाच राहतो आणि त्या तक्त्यावरचे इतर अहवाल फुगलेलेच राहतात.

डेटा टीमकडची दुरुस्ती दोन टप्प्यांची असते. आधी 4 जूनच्या सगळ्या ओळी काढून त्या दिवसाचा डेटा बिलिंगमधून पुन्हा भरतात, आणि काढणे व भरणे ही दोन्ही कामे एकाच व्यवहारात बांधतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तक्ता अर्धवट राहत नाही. नंतर रात्रीचे कामच असे बदलतात, की ते कितीदाही चालवले तरी परिणाम एकदा चालवल्यासारखाच राहावा. त्यासाठी ओळ नुसती टाकण्याऐवजी `MERGE` वापरतात. किल्ली आधीपासून असेल तर ती ओळ अद्ययावत होते, नसेल तरच नवी पडते. संदेशात दिलेली पहिली क्वेरी रोज पहाटेच्या कामाच्या शेवटी तपासणी म्हणून लावता येते. तिने एकही ओळ परत दिली, तर डॅशबोर्ड ताजा होण्याआधीच डेटा टीमला सूचना जाते.

दुरुस्ती झाल्याचे उत्तर आले की तक्रार करणाऱ्याने त्याच दोन क्वेरी पुन्हा चालवाव्यात आणि ताळाही पुन्हा घ्यावा. 4 जूनच्या ओळी 1,158 व्हायला हव्यात, विक्री 4,12,300 रुपये आणि दहा दिवसांची बेरीज 42,18,600 रुपये. बेरीज कमी झाली पण या आकड्यावर आली नाही, तर काम पूर्ण झालेले नाही. बाहेर गेलेले आकडे मात्र तक्ता सुधारल्याने सुधारत नाहीत. 5 जूनपासून निघालेल्या मागण्या, कोणाला ईमेलने गेलेला आठवड्याचा अहवाल, कोणी एक्सेलमध्ये उतरवून घेतलेली यादी, यांची नोंद संदेशाच्या ‘परिणाम’ या भागात असेल, तरच त्या एकेक करून दुरुस्त करता येतात.